तिसऱ्या घरातला 'त'

वसंत देवपुजारींचं अख्खं आयुष्य मोजमाप तपासण्यात गेलं. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात ते तपासणी विभागात होते. केसभर फरक दिसला तरी माल परत पाठवायचा, हा त्यांचा खाक्या. निवृत्तीनंतर तिथेच सोनागिरी भागात घर बांधलं, बायको गेली, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, आणि तपासायला उरलं ते शब्दकोडं.

मराठी पेपर त्यांच्याकडे यायचा बंद झाला होता. म्हणून नागपूरहून कुसुमताई, त्यांची थोरली बहीण, रोज सकाळी कोड्याचा फोटो पाठवायची. ताई निवृत्त शिक्षिका, वय एक्याऐंशी. वाटणी ठरलेली होती. आडवे शब्द ताईचे, उभे वसंतरावांचे. ताई आपली उत्तरं मोबाइलवर पाठवायची, ते कॅलेंडरच्या पाठीवर चौकट आखून दोन्हीकडचे शब्द भरायचे आणि जिथे आडवा-उभा एकमेकांना छेदतात ते प्रत्येक घर ताडून बघायचे. काना-मात्रेसकट अक्षर जुळलं की बारीक टिंब. सगळी टिंबं पडल्याशिवाय फोन करायचा नाही, हा ताईचा नियम. अडलं की चूक वसंतरावांचीच निघायची. सहा वर्षांत ताई चुकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्या मंगळवारी फोटो नऊला आला, तिरका. उजवीकडची शेवटची ओळ कापली गेली होती. नीट फोटो पाठव म्हणून त्यांनी लिहिलं, त्याला उत्तर नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी ताईचे शब्द आले.

उभा एक होता 'सूर्य', चार अक्षरी. दिनकर, दिवाकर, प्रभाकर, तिन्ही बसत होते, पण कुठलाही घेतला तरी तिसरं अक्षर 'क'. त्याच घरातून आडवा सात सुरू होत होता: चिखलात उगवणारं फूल, तीन अक्षरी. ताईने लिहिलं होतं 'तलाव'. म्हणजे त्या घरात 'त'.

उभा तीन 'लाकूड कापायचं दातेरी हत्यार'. करवत, तिसरं अक्षर 'व'. तिथून आडवा आठ, नवरदेवाची मिरवणूक. ताईचं उत्तर 'नवरा'.

'कमळ' आणि 'वरात' हे शब्द त्यांना दिसले नव्हते असं नाही. पण ताईने तसं लिहिलंय म्हणजे काहीतरी कारण असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. फोटो मोठा करून त्यांनी घरांचे आकडे पुन्हा वाचले. सूचना भलत्याच आकड्यापुढे तर छापली नाही ना, ते पाहिलं. मग खोडरबर घेऊन स्वतःचा 'दिवाकर' पुसला आणि तिसऱ्या घरात 'त' असलेलं सूर्याचं नाव शोधत बसले. जुना शब्दकोश काढला. पाऊण वाजला तेव्हा चौकटीत एकही टिंब नव्हतं.

नियम मोडून त्यांनी फोन लावला. बऱ्याच वेळाने ताईने उचलला.

"ताई, सातवा पुन्हा बघ."

"वसंता, ते... पोळी उघड," ताई म्हणाली. मग नुसता आवाज, शब्द नाही.

त्यांनी लगेच मृणालला, ताईच्या मुलीला, बँकेत फोन केला. पावणेदोनला ताईला दवाखान्यात नेलं. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन माणूस शेवटचं ठीक दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं डॉक्टरांनी मृणालला सांगितलं. पावणेनऊला ती घरातून निघाली तेव्हा आई ठणठणीत होती. त्यानंतर पाच तास होऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी वसंतराव नागपूरला पोचले. ताई जगली, पण उजवं अंग आणि वाचा गेली. मृणालने त्यांना जेवायला वाढलं, रडून घेतलं, मामा तुम्ही होतात म्हणून कळलं तरी, असंही म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने आईचा मोबाइल पाहिला.

"मामा, आईची उत्तरं दहाला आली होती. पाऊणपर्यंत तुम्ही काय करत होतात?"

खोटं बोलता आलं असतं. डुलकी लागली होती म्हटलं असतं तर तिने मानलं असतं.

"माझे शब्द तपासत होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, मीच चुकलो."

मृणाल त्यांच्यासमोरचं ताट उचलून आत गेली, आणि त्यानंतर कामापुरतंच बोलली.

आता ते महिन्यातून एकदा गाडीने नागपूरला जातात. ताईच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसतात, तिला चमच्याने पेज भरवतात, ओठ पुसतात. ती त्यांना ओळखते की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मृणाल दार उघडते, चहा आणून ठेवते. संध्याकाळच्या गाडीने ते परततात. थांबा, असं कोणी म्हणत नाही.