हेमांगीबाईंची कच्ची ओळ

हेमांगीबाई आमच्या श्रीवर्धनच्या शाळेत इंग्रजी शिकवतात, मी गणित. बाई रागीट आहेत, पण त्या दिवशीचा त्यांचा राग मला पुरेसा वाटला नाही. अजूनही माझं डोकं शांत नाही.

त्यांची पद्धत ठरलेली. मराठी वाक्याखाली मुलांनी आधी शब्दाला शब्द इंग्रजी लिहायचं. ही कच्ची ओळ. मग ती तपासायची आणि तिच्याखाली पक्की ओळ लिहायची. कच्ची ओळ चुकीचीच असते, म्हणून तर तपासायची.

एका संस्थेने सुट्टीतल्या इंग्रजी शिबिरासाठी आमच्या शाळेतली एकच मुलगी घ्यायची ठरवली होती. बाईंच्या वर्गातल्या प्रणालीचं मन त्यात अडकलं होतं. वह्या बघायला संस्थेचे विहंग सर आले. ऑफिसात चहा पिता पिता त्यांनी प्रणालीच्या कच्च्या ओळींवर लाल रेघा ओढल्या आणि वही तिच्या हातात दिली. पक्की ओळ वाचायची तसदी त्या माणसाने घेतली नाही.

प्रणाली रडत वर्गात आली. बाईंनी वही पाहिली आणि तिचा हात धरून तिला तडक ऑफिसात नेलं. मीही मागोमाग गेले.

"मुलांना चुकीचं लिहायला लावता?" सर म्हणाले.

"तपासायला लावते," बाई म्हणाल्या. "वाक्य तुम्ही द्या."

सरांनी फळ्यावर लिहिलं: आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी गोड आहे.

वाडी म्हणजे आमच्याकडे नारळ-पोफळीची बाग. प्रणालीने खाली कच्ची ओळ लिहिली. अवर ऑर्चर्ड इन वेल ऑफ वॉटर स्वीट इज.

"पूस ते," सर म्हणाले.

"पुसायचं नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता. "प्रणाली, तपास."

"पाणी शेवटाकडं हाय, ते पुढं येनार," प्रणाली पुटपुटली. "मंग विहीर, मंग वाडी. 'इज' 'स्वीट'च्या आधी. विहीर कुठली, पाणी कुठलं, ते ठरल्यालं हाय, म्हनून दोघांना 'द'. वाडीला न्हाय, 'अवर' हाय ना."

तिने पक्की ओळ लिहिली. द वॉटर ऑफ द वेल इन अवर ऑर्चर्ड इज स्वीट.

सरांनी ती दोनदा वाचली. चूक सापडेना. "ठीक आहे, नाव घालतो," ते म्हणाले. "पण शिबिरात असल्या ओळी चालणार नाहीत. तिथे थेट इंग्रजीतच विचार करायचा." लाल रेघांबद्दल चकार शब्द नाही. मला त्यांच्या हातातला खडू हिसकावून घ्यावासा वाटला.

"मंग मला न्हाय यायचं," प्रणाली म्हणाली.

सर बाईंकडे बघत राहिले. आता बाई तिला समजावतील, असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं. बाईंनी वही उचलली, लाल रेघांचं पान उघडून सरांसमोर ठेवलं.

"आधी हिची माफी मागा," त्या म्हणाल्या. "यायचं की नाही, ते मग ती ठरवेल."