प्रिंटलाइनवरचं नाव

ते चार अग्रलेख वाचले आणि साबणाने हात धुवावेसे वाटले. तोरणमाळच्या डोंगराकडून बाजाराला उतरणाऱ्या आदिवासी माणसांवर त्यांत नुसती घाण ओतलेली. आणि शेवटच्या पानाच्या तळाला, मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून, बाईंच्या वडिलांचं नाव.

बाई म्हणजे लोणखेड्याच्या निवृत्त शिक्षिका. वडिलांनी शहाद्यात काढलेल्या साप्ताहिकाचा इतिहास त्या लिहीत होत्या. मी सातवीत शाळा सोडलेला, कोकणातून इकडे बाइंडिंगच्या कामाला आलेला. जुने अंक बांधायला गेलो तो त्यांच्याकडेच राहिलो. खोली दिली, जेवू घातलं, कागद वाचायला शिकवलं. अशा माणसाला हे दाखवणं जिवावर आलं. तरी दाखवलं.

"हाई मन्हा बापनं लिखेल नई," एवढंच त्या म्हणाल्या.

नई तर नई, पण पुस्तकात तसं लिहायला पुरावा हवा. मार्चच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागतं. एका मार्चात मालक आणि संपादक दोन्ही नवे होते. तळाची प्रिंटलाइन मात्र जुनीच, बाईंच्या वडिलांच्या नावाची. बदल नेमका कधी झाला, ते कळेना. मधले अंक वाळवीने खाल्लेले.

त्या नव्या मालकाचा मुलगा आजही दुकानावर बसतो. विचारलं तर हसत म्हणाला, "तळनी ओळ खिळा जुळवून बांधेल राहे, सोडाना कोण? आनि म्हातारानं नाव व्हतं म्हनीसन लोक वाचेत." कोणाच्या नावाआड बसून ओकायचं आणि वर हसायचं. त्याने मागवलेला चहा मी तसाच ठेवून उठलो.

शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात, पण तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणून धुळ्याच्या कलेक्टर कचेरीतली वृत्तपत्रांची नोंदवही पाहायला गेलो. साप्ताहिक मध्ये बंद पडलेलं. नंतर नव्या मालकाने नवं घोषणापत्र दिलेलं, संपादक म्हणून स्वतःचं नाव लावून. तारखा लावून पाहिल्या. तीन अग्रलेख त्यानंतरचे. बाईंना फोन लावणार, तेवढ्यात चौथ्यावर नजर गेली. तो बंद पडण्याआधीचा. तेव्हा मालक बाईंचे वडील, संपादकही तेच.

परतीच्या एसटीत वाटलं, तो एक अंक वाळवीला गेला असता तर. स्वतःचीच किळस आली.

बाईंनी चौथा अंक चष्मा काढून, पार डोळ्याजवळ धरून वाचला. मी उगाच डिंकाचा डबा पुसत राहिलो.

"चारी छाप," शेवटी म्हणाल्या. "तीन त्यास्ना नावे. हाऊ मन्हा बापना नावे."

"बाई, हा राहू दे ना."

"मंग त्या दुकानवाला पोऱ्यामां नि मन्हामां फरक काय?"

मी टाइप करायला बसलो. पहिल्याच वाक्यापाशी पुन्हा तोंड कडू झालं. तरी अक्षर न अक्षर उतरवलं, आणि खाली त्यांच्या वडिलांचं नाव पूर्ण लिहिलं.