टँकरच्या मागे दोन सेकंद

तुमचे आजोबा गेले, कंपनीचं घर सोडावं लागलं आणि मी हजीऱ्याहून सुरत शहरात राहायला आले. त्यांची पांढरी गाडी चार महिने इमारतीखाली झाकून उभी होती. तुमचे बाबा फोनवर म्हणायचे, "आई, विकून टाक ती." मी महिन्याची मुदत मागितली. एकटीनं हजीऱ्याच्या वसाहतीपर्यंत जाऊन परत येता आलं नाही, तर विकीन. ओळखीची माणसं सगळी तिथंच होती. इथं दिवसभरात माझ्याशी दूधवाला तेवढा बोलायचा.

गाडी शिकवायला शहरातल्याच लिंबायत भागातून एक मास्तर येत. खानदेशचे, पूर्वी ट्रक चालवणारे. पुढच्या गाडीपासून तीन गाड्यांचं अंतर, हे मी आधीच वहीत लिहून ठेवलं होतं आणि काटेकोर पाळतही होते.

मोठ्या रस्त्यावर एका टँकरच्या मागे असताना मास्तर हसले. "ताई, गल्लीत तीन अन् मोठ्या रस्त्यालाही तीन? साठच्या वेगात तीन गाड्या म्हणजे टँकरच्या पोटातच जाल."

"मग किती? पाच?"

"गाड्या मोजूच नका. चालत्या गाडीतून अंतराचा अंदाज कोणालाच येत नाही, मलाही नाही. टँकरची मागची बाजू त्या खांबापाशी गेली की म्हणा, एक हजार एक, एक हजार दोन. एवढं म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्याच खांबाशी पोचलात, तर फार जवळ आहात. वेग वाढला की तेवढ्याच दोन सेकंदांत जागा आपोआप जास्त सुटते. पाऊस असला तर चार मोजा."

मी मोजलं. मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "सव्वा सेकंद! ताई, तुम्ही आकडे गिळताय."

खरंच होतं. मागच्यानं हॉर्न दिला की माझे आकडे पळायचे आणि अंतर पुरेसं आहे असं वाटायचं. मग घरी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून मी मोठ्यानं म्हणत राहायची. तेवढाच घरात आवाज.

मुदतीतल्या शेवटच्या रविवारी एकटी निघाले. हजीऱ्याच्या रस्त्यावर पुढे टँकर होता. प्रत्येक खांबाला मोजत होते. अचानक म्हशी आडव्या आल्या आणि टँकरनं करकचून ब्रेक मारला. त्याचे लाल दिवे दिसून माझा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच बरीच जागा सरली. तरी थांबले तेव्हा मध्ये एका गाडीएवढी जागा उरली होती. तीन गाड्या धरून चालले असते तर उरली नसती. मी काहीतरी बोलायला डावीकडे वळले. तिथं कोणी नव्हतं.

वसाहतीत आमच्या खिडकीला दुसऱ्यांचे पडदे होते. तिथली मैत्रीण गावाला गेली होती. फाटकापाशी थोडा वेळ बसले आणि मोजत परत आले.

संध्याकाळी तुमच्या बाबांना सांगितलं, "गाडी विकायची नाही. आज जाऊन आले."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."