त्यामुळे शेजारीण काठी घेऊन आली

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. मागाहून लिहायला गेलो, तर कारणं पुढे बसतील आणि चुकीला जागाच उरणार नाही. हा माझा जुना स्वभाव आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी विरारला राहत होतो आणि नंदाखालकडच्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवत होतो. नवाच होतो, पंचवीस वर्षांचा. सायकलवरून केळीच्या बागांमधून शाळेत जाताना मला आपण या भागात ज्ञान घेऊन चाललो आहोत असं वाटायचं. ज्ञान मुख्यतः वाक्यांच्या क्रमाविषयी होतं. उलटसुलट दिलेली वाक्यं लावून परिच्छेद तयार करा, हा प्रश्न माझा लाडका. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मुलं पाठ करून येत, या प्रश्नाचं पाठ करता येत नसे.

शिकवायचो मात्र मनापासून. "तो, ती, त्याला, तिला दिसलं, की आधी त्याचा धनी शोधा," मी सांगायचो. "धनी आल्याशिवाय 'तो' येत नाही. आणि पण, म्हणून, त्यामुळे, या मंडळींना पहिल्या बाकावर बसायची परवानगी नाही. ती कुणाच्या तरी मागूनच येतात." मुलं हसायची, आणि हसलेलं त्यांच्या लक्षात राहायचं.

सहामाहीच्या परीक्षेसाठी मी एक गोष्ट रचली. पाच वाक्यांची, पाच गुणांची. प्रत्येक वाक्य एका चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठीच्या मागे गोष्टीतला तिचा क्रमांक घातला, पाचही चिठ्ठ्या पिसल्या आणि पडतील तशा स्टेन्सिलवर उतरवल्या. प्रश्नपत्रिकेत त्या अशा आल्या:

१. तिने एक बोका पाळला होता.
२. त्यामुळे शेजारीण एक दिवस काठी घेऊन भांडायला आली.
३. एका गावात एक बाई राहत होती.
४. तिला पाहताच तो मात्र कौलांवर जाऊन बसला.
५. तो रोज शेजारणीची सुकी मासळी पळवत असे.

गोष्ट लावली तर क्रम येतो तीन, एक, पाच, दोन, चार. पण उत्तरसूची करताना मी गोष्ट लावलीच नाही. आपलीच गोष्ट, ती काय लावायची? चिठ्ठ्या प्रश्नपत्रिकेच्या क्रमाने पालथ्या घातल्या आणि मागचे आकडे उतरवून काढले: दोन, चार, एक, पाच, तीन. कुठलं वाक्य कितव्या जागी जातं, ते हे आकडे सांगत होते. कुठल्या वाक्यानंतर कुठलं वाचायचं, ते सांगत नव्हते. दोन्ही गोष्टी पाच आकड्यांतच मावतात, आणि मी त्यातली चुकीची लाल शाईने लिहून ठेवली.

पेपर तपासायला घेतले, तर एकोणीस मुलांचं उत्तर एकच: तीन, एक, पाच, दोन, चार. एकोणीस जणांची एकसारखी चूक! माझ्या वर्गात एवढी कॉपी? बाकीच्यांनी मनाला येईल तसे आकडे टाकले होते. ते मला प्रामाणिक वाटले. बरोबर उत्तर फक्त एकाचं होतं, शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचं, ज्याने तोपर्यंत मराठीत फक्त आपलं नाव बिनचूक लिहिलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पेपर वाटले. त्या मुलाला मी उभं केलं.

"सांग सगळ्यांना, कसं लावलंस?"

"सर, पहिल्या वाक्याचा नंबर दुसरा, म्हणून दोन लिहिले. मग दुसऱ्याचा नंबर चौथा—"

"शाबास! बस." मी खिशातलं बॉलपेन काढून त्याला बक्षीस दिलं. त्याला तिसऱ्या वाक्यापर्यंत बोलायला मिळालं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कौतुकाच्या भरात मी कुणाचं ऐकत नसे.

मग मी त्या एकोणीस जणांना उभं केलं. "कोणाचं बघून लिहिलंत?"

त्यांच्या मधोमध एक मुलगी बसायची, फुलबागवाल्यांची. तिचं उत्तर सगळ्यांत स्वच्छ अक्षरात होतं. मी ठरवून टाकलं, की उगम हाच. तिला मराठीत शंभरात एकतीस होते. पस्तिसाला पास. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुमच्या उत्तराने गोष्ट 'त्यामुळे'पासून सुरू होते. तुम्हीच म्हणाला होता, त्याला पहिला बाक नाही."

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी फळ्याकडे बघितलं. फळ्यावर माझ्याच हाताने लिहिलेल्या बरोबर उत्तराचा पहिला आकडा 'दोन' होता.

"ती एक शैली आहे," मी म्हणालो. "मोठे लेखक मधूनच सुरुवात करतात. आणि दुसऱ्यांना उत्तर पुरवणाऱ्यांनी शैलीवर बोलू नये."

ती खाली बसली. रडली नाही, ते मला उद्धटपणाचं वाटलं.

संध्याकाळी घरी चहा पिताना पाकिटातून चिठ्ठ्या काढल्या, त्या शैलीची खात्री करायला. पालथ्या घातल्या, उलथ्या केल्या. चहा निवला. मला कळलं. खरं सांगायचं तर तेव्हाच सायकल काढून तिच्या घरी जायला हवं होतं. त्याऐवजी मी युक्ती काढली, की गुपचूप चार सहानुभूतीचे गुण देऊन तिला पस्तीस करून टाकायचे. पाचाऐवजी चार, कारण पाच दिले तर कोणी विचारलं असतं, नेमके पाचच का? बाकीच्या अठरा जणांचा विषय मी त्या संध्याकाळी मनातसुद्धा काढला नाही. ते पास झालेलेच होते.

दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला शिपाई सांगत आला, "मुख्याध्यापकांनी बोलावलंय. फुलवाली बाई आलीय."

मुलीची आई पहाटे फुलं घेऊन मुंबईच्या बाजारात गेली होती आणि परतताना रिकामी टोपली घेऊन सरळ शाळेत आली होती. टोपली दाराशी होती. मुलगी भिंतीला टेकून उभी. मुख्याध्यापक चिमटीत तपकीर धरून बसले होते.

"मास्तर," बाई म्हणाली. मुलीशी ती घरच्या बोलीत बोलायची, माझ्याशी जपून शाळेची मराठी बोलत होती. "हिच्या बापाने सांगितलंय, एका विषयात जरी नापास झाली तर शाळा बंद. उद्यापासून कळ्या खुडायच्या. ते आमचं आम्ही बघू. पण पोरगी चोर आहे, असं तुम्ही वर्गात म्हणालात?"

"तसं शब्दशः नाही—"

"मला वाचता येत नाही. तुमचं बरोबर उत्तर काय ते वाचा. ऐकते."

मुख्याध्यापकांनी प्रश्नपत्रिका माझ्याकडे सरकवली. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी वाचलं. "त्यामुळे शेजारीण एक दिवस काठी घेऊन भांडायला आली."

"कशामुळे?"

"ते पुढे कळतं."

"पुढे कळेल तेव्हा कळेल. आत्ता बाई काठी घेऊन दारात उभी आहे, आणि कशाला आली ते तिलाच ठाऊक नाही. बरं, वाचा."

"तिला पाहताच तो मात्र कौलांवर जाऊन बसला."

"कोण? नवरा?"

मुख्याध्यापकांची तपकीर उडाली. ते शिंकत शिंकत म्हणाले, "मलाही नवराच वाटला."

"नाही, बोका," मी म्हणालो. "बोका पुढच्या वाक्यात येतो."

"मग आधी चढला कसा?"

पुढची दोन वाक्यं मी कशीबशी वाचली आणि शेवटी, अगदी बारीक आवाजात, "एका गावात एक बाई राहत होती."

"आत्ता आली होय!" फुलवाली म्हणाली. "सगळं भांडण मिटल्यावर?"

तिने मुलीला खूण केली. मुलीने आपल्या उत्तराप्रमाणे वाचलं. बाई, बोका, मासळी, काठी, कौलं. आई मान हलवत ऐकत होती. "हे कळतं बघा. बोका हिचा, मासळी तिची. भांडायला यायलाच पाहिजे."

मुख्याध्यापकांनी नाक पुसलं. "सर, उत्तरसूची कशी केलीत?"

चिठ्ठ्या खिशातच होत्या. टेबलावर काढून ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मग घाईघाईने जोडलं, "पण मी हिला चार सहानुभूतीचे गुण देणारच होतो."

"सहानुभूती कशाला?" बाई म्हणाली. "तिच्या बापाला काय सांगू? मास्तरांना दया आली म्हणून पास? तो म्हणेल, वार्षिकला कोणाला दया येणार? तिचं असेल ते द्या. आणि जिथे चोर म्हणालात, तिथे येऊन सांगा."

"किती झाले मग?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"एकतीस आणि पाच," मुलगीच म्हणाली. "छत्तीस."

आम्ही वर्गात गेलो. मुलगी जागेवर बसली, आई टोपली कमरेला लावून दारात उभी राहिली. शेवटच्या बाकावरचा मुलगा मला पाहताच पेन घेऊन पुढे आला. मुलांना बहुतेक सगळं आधीच कळलं होतं.

"सर, मी पण उलटंच लिहिलं होतं. प्रत्येक वाक्यापुढे त्याचा नंबर घालायचा, असं मला वाटलं."

"मलाही," मी म्हणालो. "तू निदान सांगत तरी होतास. राहू दे पेन."

मग मी खडू हातात घेतला. काही लिहायचं नव्हतं, हाताला आधार हवा होता. "मुलांनो," मी सुरुवात केली, "परीक्षेच्या गडबडीत उत्तरसूचीत थोडासा घोटाळा झाला. त्यामुळे काही विद्यार्थ्यांबद्दल गैरसमज—"

"मास्तर," दारातून आवाज आला, "कोणी केला घोटाळा? आधी माणूस येऊ द्या की."

वर्ग खदखदून हसला. फक्त ती मुलगी हसली नाही. तिने मान वर करून पाहिलं, पेपरात पहिलं वाक्य शोधताना पाहावं तसं.

मी खडू खाली ठेवला.

"मी उत्तरसूची चुकीची केली," मी म्हणालो. "ती मी तपासून पाहिली नाही. हिने ती चूक दाखवली, तेव्हा मी हिला आणि आणखी अठरा जणांना खोटं पाडलं. त्याच संध्याकाळी मला माझी चूक कळली, पण मी दोन दिवस गप्प बसलो. म्हणून मी तुम्हा एकोणीस जणांची माफी मागतो, आणि सगळ्यांत आधी हिची."