जिचा हात भाजत नाही

तिला सगळे सांडशी म्हणत. चुलीवरचं रसरसलेलं पातेलं ती फडकं न घेता उचलायची, म्हणून. निम्मं आयुष्य कपडे उकळायच्या भट्टीवर गेलेलं. वाफाळत्या टाकीतून चादरी उपसता उपसता तळहाताचं कातडं जोड्याच्या तळव्यासारखं झालं होतं. भट्टीवरच्या बायका पैज लावायच्या, आणि सांडशी पेटलेला निखारा या हातातून त्या हातात उडवून दाखवायची. हसू यायचं सगळ्यांना. पण हसून झाल्यावर बाया तिच्या हातांकडे जरा वेळ बघत राहायच्या आणि मग आपापले हात पदराला पुसायच्या.

भट्टी बंद पडली तशी ती म्हाताऱ्या माणसांची सेवा करू लागली. दिवसभर जायचं, आंघोळ घालायची, जेवू घालायचं, पाय चेपायचे. शेवटचं घर एका म्हाताऱ्या शिंप्याचं. त्याला ती मास्तर म्हणायची. जुना मधुमेह, त्यातून पाय बधिर. पायात चप्पल आहे की नाही हे खाली बघून सांगणारा माणूस! मुलगा परगावी कामाला, घरी सून. ती पुढच्या खोलीत मशीनवर बसून सासऱ्याचाच धंदा चालवायची.

त्या दुपारी आभाळ भरून आलेलं, घरात अंधारल्यासारखं झालेलं. मास्तर कुरकुरले, "सांडशी, पाय गारठलेत गं. मेलेल्या माणसाचे असल्यासारखे वाटतात."

"मेलेल्याला वाटतं कुठं काही?" ती म्हणाली. "थांबा, शेकते."

तिने पातेलंभर पाणी उकळलं, टबात ओतलं, वर दोन तांबे गार पाणी घातलं. हात बुडवून ढवळलं. कोमट. तिच्या हाताला ते कोमटच लागलं, त्याला ती काय करणार? मास्तरांचे पाय उचलून तिने टबात ठेवले. डावा गुडघा आखडलेला, तो पाय टबाच्या काठावर टेकून अर्धामुर्धाच बुडाला. उजवा घोट्यापर्यंत गेला.

"कसं वाटतंय?"

"कळत काही नाही. पण बरं वाटतंय."

ती खाली बसून तळवे चोळू लागली. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. वाफ वर येऊन मास्तरांच्या चष्म्यावर बसली, त्यांचे डोळे दिसेनासे झाले. कोणी ओरडलं नाही. ओरडायचं कोणी?

घरातली मांजर आली. तिने टबाच्या काठावर पुढचा पाय टेकवला. आत थोडं पाणी हिंदकळलं आणि तिच्या पंजावर पडलं. मांजर अशी किंचाळली, की मशीन थांबलं. भिंतीला अंग घासत ती कपाटाखाली शिरली आणि तिथून तिचं गुरगुरणं येत राहिलं.

सांडशीने मांजरीकडे बघितलं. मग पाण्याकडे. मग मास्तरांच्या उजव्या पायाकडे. पाय पांढरा पडला होता. तांबडा नाही, गुलाबी नाही, मेणासारखा पांढरा. घोट्यापाशी कातडी सैल मोज्यासारखी सरकली होती.

मास्तर हसत होते. "काय झालं मांजरीला?"

"सूनबाई!" सांडशीची हाक अशी आली, की सून धावतच आली.

पाहिल्याबरोबर सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. ती बर्फ आणायला वळली, मग थबकली, फोन उचलला आणि रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडून एका बाईचा शांत, जरा घोगरा आवाज आला. कोणाला भाजलं, वय काय, कशानं, सगळं विचारून तो आवाज म्हणाला, "बर्फ नको. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. पाय नळाखाली धरा. साधं गार, वाहतं पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावा."

दोघींनी मास्तरांना खुर्चीसकट न्हाणीत ओढलं. पायजम्याच्या ओल्या काठात कढत पाणी मुरलेलं. सुनेने मास्तरांचीच मोठी कात्री आणून तो काठ कापला. "चिकटला असेल तर ओढू नका," आवाज म्हणाला. चिकटला नव्हता. "फोड फोडू नका. आणि बाकीचं अंग झाकून ठेवा, म्हातारं माणूस गारठतं." सुनेने खांद्यावर गोधडी टाकली. नळाखाली दोन्ही पाय सांडशीने आपल्या हातात धरले.

डावा पाय लालबुंद, टरारून फोड आलेला, ओलसर. आवाजाने सांगितलं, दाबून बघा. फोड नव्हता त्या जागी सुनेने बोट टेकवलं, तिथे पांढरं झालं आणि बोट काढताच लाली परत आली. उजव्या पायाच्या पांढऱ्या जागेवर टेकवलं. काहीच झालं नाही. जिवंत माणसाच्या अंगाला बोट लावावं आणि अंगाने उत्तरच देऊ नये!

"मला दुखत नाहीये," मास्तर म्हणाले. "उगाच दवाखाना कशाला? लोक म्हणतील, शिंपी पाय धुवायला दवाखान्यात गेला."

सुनेने तेच फोनवर सांगितलं. आवाज म्हणाला, "दुखत नाही, याची मला जास्त काळजी आहे. त्यांचे पाय आधीपासून बधिर आहेत, म्हणून दुखण्यावर जाऊच नका. मधुमेह, म्हातारपण, पायाचं भाजणं आणि त्यात पांढरी जागा. यातलं एक असतं तरी दवाखान्यातच न्या म्हटलं असतं. गाडी निघाली आहे."

वीस मिनिटांनी, आवाजाने सांगितलं तसं, सुनेने स्वयंपाकघरातल्या अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकच्या गुंडाळीचा पहिला वेढा फेकून पुढचा भाग पायांवर सैल पसरला. गुंडाळायचा नाही, पाय सुजतो. मास्तर गाडीत चढेपर्यंत विनोद करत होते. हसायला कोणी नव्हतं.

दवाखान्यात जळीत विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाय पाहिले. डावा आपोआप भरेल, म्हणाल्या. उजवा खोल भाजलाय, मांडीची कातडी काढून लावावी लागेल. पाय राहील का, हे मास्तरांच्या सुनेने तीनदा विचारलं. "लगेच पाण्याखाली धरलात, लगेच आणलंत. प्रयत्न करू. रक्त पोचतंय का बघावं लागेल."

मग त्यांची नजर कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईकडे गेली. "तुमचे हात दाखवा."

"मला काय झालंय?" सांडशी म्हणाली.

हाताच्या पाठीवर, मनगटापाशी, मोठाले फोड टरारले होते. ते तिने पाहिले, तेव्हाच तिला कळलं. डॉक्टरीणबाईंनी टोचून पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, टोचल्याचं तिला समजलंच नाही. "पाण्याखाली पाय धरलेत ना, म्हणून हे हातही गार झाले, नाहीतर..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिच्या नसांचीही तपासणी करायला सांगितली.

सांडशी बाहेरच्या बाकावर बसली, आपलेच हात मांडीवर ठेवून. दुसऱ्या कोणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे.

मास्तरांचा पाय राहिला. करंगळी गेली, कातडी लागली. ते घरी आले तेव्हा सुनेने सांडशीला निरोप धाडला. ती आली, पण दारातच उभी राहिली.

"ये की आत," मास्तर म्हणाले. "नऊ बोटांचा माणूस चावत नाही."

"पाण्याला हात लावणार नाही मी."

"हात कोण लाव म्हणतंय? कोपर लावून बघ."

सुनेने न्हाणीत बादली भरून ठेवली होती, पाय घालायला नाही, नुसती अंग पुसायला. सांडशीने बाही वर सारली आणि कोपर हळूच पाण्यात टेकवलं.

"आई गं!" तिने झटका देऊन कोपर काढलं. "भाजलं!"

कपाटावरून मांजरीने मान वळवली. सांडशी कोपर चोळत तशीच उभी राहिली, आणि मग तिला हसू फुटलं.

"गार पाणी घाल गं सूनबाई," ती म्हणाली. "बरंच घाल."