नावं राहिलेला रील

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निकिता डाळजच्या पेरूच्या बागेत फोन उभा धरून वाकली होती. समोर मोहनराव, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. पेरूची बागायत हा त्यांचा धंदा. लग्नसमारंभात माईकवरून सूत्रसंचालन हा शौक. पंचक्रोशीत कुणाचं नाव आधी आणि कुणाचं मागून घ्यायचं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"सर्वप्रथम या बागेत उपस्थित असलेले..."

"तात्या, थांबा." निकिताने फोन खाली केला. "पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. मागच्या रीलला तुमी सरपंचांपर्यंत पोचलात तोवर सगळे पळाले होते."

"नाव राहिलं तर माणूस सहा महिने बोलत न्हाय, पोरी."

"आणि एकच गोष्ट सांगायची. ठिबक, कलमं, भाव, फोन नंबर, सगळं एकदम न्हाय."

मोहनरावांना हे पटत नव्हतं. एकच गोष्ट सांगायला माईक कशाला लागतो? शिवाय त्यांचा पुतण्या अविराज बारामतीत स्टुडिओ चालवतो, ड्रोन उडवतो. हा रील चालला नाही तर पुढचं सगळं काम त्याच्याकडे जाणार होतं. निकिता इंदापुरात एकटीच शेतकऱ्यांचे रील बनवायची आणि तिच्याकडे ड्रोन नव्हता.

आठव्या प्रयत्नाला मोहनरावांनीच तोडगा काढला. "मी पेरू खात खात बोलतो."

फोमची जाळी आणि पिशवी घातलेला पेरू कॅमेऱ्यात चांगला दिसणार नाही, म्हणून त्यांनी शेवटच्या ओळीतला उघडा, पिवळाजर्द पेरू तोडला. त्या ओळीला पिशव्या पुरल्या नव्हत्या. फोन चालू झाला. मोहनरावांनी तोंड उघडलं.

"आवो, खाऊ नगा! अळी हाय त्यात!" मागून त्यांच्या पत्नी बनाबाई ओरडल्या.

मोहनराव पेरू तोंडाशी धरून तसेच थिजले. बनाबाईंनी तो हिसकावून घेतला, सालीवरचा फळमाशीचा बारीक डंख दाखवला आणि विळ्याने दोन फाका केल्या. आत अळी वळवळत होती.

"हे काढून टाक," मोहनराव म्हणाले. "आपल्याच बागेची आपण बदनामी करायची?"

"आपल्या नव्हं, तुमच्या. माझ्या ओळींतल्या पेरूंना पिशवी हाय," बनाबाई म्हणाल्या.

निकिताला संहिता सापडली. सुरुवातीला बनाबाईंची आरोळी आणि थिजलेले मोहनराव. मग पिशवीतला पेरू कापायचा: आतून स्वच्छ. शेवटी मोहनरावांचं एकच वाक्य: "फळ लिंबाएवढं झालं की आमी पिशवी घालतो." बाकी काही नाही. ते एक वाक्य उरकायला त्यांना चार टेक लागले. प्रत्येक वेळी "मान्यवर" मध्ये घुसत होते.

संध्याकाळपर्यंत रीलने मागच्याच्या कितीतरी पट माणसं शेवटपर्यंत थांबवली. अविराजचाही फोन आला: "काकूंना माझ्या रीलमध्ये घेऊ का?"

"तिच्या तारखा निकिताला विचार," मोहनराव म्हणाले. मग त्यांनी निकिताला सगळ्या मान्यवरांची नावं पाठवली, अनुक्रमाने. तिने ती रीलखाली, मजकुरात टाकली. तिथं कितीही मावतात.

उद्या सकाळी साडेसहाला शेवटच्या ओळीतल्या लिंबाएवढ्या फळांना नव्या पिशव्या घालायला सुरुवात होणार आहे. घालणार मोहनराव.