फंड कुणाचा, पैसे कुणाच्या हातात

रोह्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या भाभींचे पती आखातात नोकरीला आहेत. लेकीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे भाभींनी पेणच्या एका बँकेतून म्युच्युअल फंडात गुंतवले होते. फंडाला ज्या उद्योगसमूहाचे नाव होते, तो अडचणीत असल्याची बातमी आली. मी त्यांच्याबरोबर पेणला गेलो.

"पैसे इथं दिले, इथंच परत द्या," भाभी म्हणाल्या.

"आम्ही फक्त फंड विकतो, भाभी," कर्मचारी म्हणाला.

मी मोबाईलवर फंडाचे माहितीपत्र उघडले. प्रायोजक, म्हणजे फंड सुरू करणारा, तोच समूह होता. पैसे मात्र एक वेगळी व्यवस्थापन कंपनी गुंतवत होती, विश्वस्तांच्या देखरेखीखाली. समूहाची देणी त्यातून फेडता येत नाहीत, असे मी सांगितले.

"म्हंजे बुडणार नाय ना?"

मग मी त्या महिन्याची गुंतवणुकीची यादी पाहिली. व्यवस्थापन कंपनीने त्याच समूहाचे काही रोखे घेतलेले होते, म्हणजे फंडातले थोडे पैसे समूहाला कर्जाऊ दिले होते.

"तेवढे बुडू शकतात," मी म्हणालो.

"मंग कंपनी वेगळी असून काय फायदा?"

भाभींनी पतीला फोन लावला. ते शिफ्टवर होते, फोन उचलला गेला नाही.

"यंदाच्या फीपुरते आज काढते," त्या कर्मचाऱ्याला म्हणाल्या. "बाकीचं त्यांना विचारून."